एका परीक्षेच्या चार समांतर प्रश्नपत्रिका: माझा अनुभव

दहावीच्या गणिताच्या घटक चाचणीत एका बाकावर दोन विद्यार्थी बसवावे लागत. मी प्रश्नांचा क्रम बदलून अ आणि ब असे दोन संच केले होते, तरी तिरकस मागच्या बाकावरच्या उत्तरपत्रिकेत चुकाही तशाच्या तशा आढळल्या. दोन संच बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे वाटून दिल्यावर शेजारी आणि पुढेमागे संच वेगळा येतो, पण तिरकस दिशेला तोच संच राहतो, हे तेव्हा ध्यानात आले. म्हणून चार संच केले: विषम रांगांत अ, ब, अ, ब आणि सम रांगांत क, ड, क, ड. आता कोणाच्याही आठही बाजूंना त्याचा संच येत नाही.

क्रमाऐवजी संख्या बदलल्या, आणि खरी अडचण तिथेच आली. अ, ब, क संचांत x²−5x+6=0, x²−7x+12=0 आणि x²−7x+10=0 ही समीकरणे होती; ड मध्ये मात्र मी x²−x−12=0 दिले. त्याचे एक मूळ ऋण असल्याने अवयव पाडताना चिन्हांची चूक होण्याची शक्यता वाढते, आणि तपासताना संचनिहाय बरोबर उत्तरे मोजली तेव्हा याच प्रश्नात ड संच स्पष्टपणे मागे दिसला. तो प्रश्न मी सर्वांसाठी गुणांतून वगळला. तसे न करणे अन्यायाचे झाले असते. पुढच्या वेळी तिथे x²−8x+15=0 घेतले. संचाचे अक्षर उत्तरपत्रिकेवर पर्यवेक्षकांसमोरच लिहून घेतो, नाहीतर तपासणीत उत्तरसूचीची गल्लत होते.