या चुका टाळा : मराठी कागदांतले आकडे इंग्रजी अंकांत उतरवताना

राजापूर-देवगडकडच्या घरांत जुनी खरेदीखतं, धाऱ्याच्या पावत्या आणि आंब्याच्या दलालाकडून आलेल्या पट्ट्या एकाच ट्रंकेत पडलेल्या असतात. वाटणीचा विषय निघाला की गावातलं कोणीतरी बसून ते सगळं एक्सेलमध्ये उतरवतं आणि मुंबईच्या चाकरमान्याला पाठवतं. ० ते ९ च्या जागी 0 ते 9 लिहायचे, यात अवघड काय, असं वाटतं. अंक खरंच सहज बदलतात. गोंधळ होतो तो अंकांच्या आजूबाजूच्या टिंबा-रेघांमुळे.

पहिली चूक म्हणजे मूळ रकान्यावरच शोधा-बदला चालवणे. आधी १ चा 1 करायचा, मग २ चा 2, असं दहा वेळा. शेवटचा मराठी अंक गेला, की त्या क्षणी एक्सेलला तो मजकूर आकडा किंवा तारीख वाटू लागतो आणि न विचारता तो बदलून टाकतं. मूळ काय होतं ते मग पुन्हा दिसत नाही. म्हणून कागदावर आहे तसाच मजकूर A रकान्यात ठेवा, तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करा आणि बदललेले अंक B रकान्यात घ्या. एक्सेलच्या नव्या आवृत्तीत हे एकाच सूत्रात होतं:

```
=REDUCE(A2,SEQUENCE(10,,0),LAMBDA(s,n,SUBSTITUTE(s,UNICHAR(2406+n),n)))
```

युनिकोडमध्ये ० चा क्रमांक 2406 आणि ९ चा 2415, म्हणून ही बेरीज. जुन्या आवृत्तीत SUBSTITUTE दहा वेळा एकात एक घालावं लागतं. दिसायला ओंगळ, पण काम तेच. एखाद्या अंकाबद्दल शंका असेल तर `=UNICODE(LEFT(A2,1))` करून पाहा. 48 ते 57 आलं तर अंक इंग्रजी आहे, पडद्यावर तो कसाही दिसो. फोनवर टाइप केलेल्या नोंदींत `१2,५००` अशी खिचडी हमखास सापडते. असा आकडा मजकूर म्हणून बसलेला असेल तर `SUM` तो गुपचूप वगळते. चूक दाखवत नाही, बेरीज तेवढी कमी येते.

आता रक्कम. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. खतात लिहिलेलं असतं: रु. १,२५,०००/-. अंक बदलले की `रु. 1,25,000/-` झालं. पुढे बरेच जण 'अंक आणि दशांशचिन्ह सोडून बाकी सगळं काढून टाक' अशी आज्ञा देतात. तसं केलं की उरतं `.125000`, कारण 'रु.' मधलं टिंबही दशांशचिन्ह म्हणून शिल्लक राहिलं. सव्वा लाखाचे झाले साडेबारा पैसे! या नोंदीपुढे लाल खूण येत नाही, कारण संगणकाच्या लेखी 0.125 हा चांगला धडधाकट आकडा आहे. म्हणून 'काय ठेवायचं' ते सांगू नका, 'काय काढायचं' ते नावानिशी सांगा:

```
=VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,"रु.",""),"/-",""),",",""))
```

यात न बसणारी नोंद बहुतेक वेळा `#VALUE!` दाखवते, आणि ते चांगलंच आहे. ती नोंद डोळ्यांनी बघायची आहे, एवढं तरी कळतं. 'रु॰' असं गोल चिन्ह घालून लिहिलेली नोंदही इथेच अडकते. टाइप करणाऱ्याने त्या चिन्हाऐवजी शून्य टाकलेलं असेल तर `रु०.५०` म्हणजे पन्नास पैसे की पन्नास रुपये, हे फक्त कागदच सांगू शकतो.

पैशांची रेघ मात्र हे सूत्रही चकवते. जुन्या पट्ट्यांवर साडेबारा रुपये `१२-५०` किंवा `१२=५०` असे लिहिलेले असतात. `12-50` ला `VALUE` लावलं की एक्सेल त्यातून डिसेंबर १९५० वाचतं आणि 18598 हा आकडा देतं, म्हणजे त्या तारखेचा क्रमांक. हापूसच्या पट्टीत अठरा हजार कोणाला खटकणारही नाहीत. अशी रेघ असलेल्या नोंदी आधी गाळून वेगळ्या काढा, आणि ती पैशांचीच आहे हे पाहून मगच तिच्या जागी दशांशचिन्ह घाला.

रेघा दोन असतील तर आणखी थांबा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधीच्या खतात `रु. १२-१०-६` म्हणजे बारा रुपये, दहा आणे, सहा पै. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा, म्हणजे १९२ पैंचा रुपया. हिशेब असा: 12 + 10/16 + 6/192 = 12.65625, म्हणजे साधारण 12.66 रुपये. संगणकाला मात्र ही चक्क तारीख वाटते. रुपये, आणे आणि पै असे तीन रकाने करून ठेवणं मला बरं वाटतं, कारण 12.66 लिहिल्यावर कागदावर काय होतं ते परत काढता येत नाही.

तारखांचा घोळ फाइल मुंबईला पोचल्यावर उघडा पडतो. गावच्या संगणकावर दिवस आधी, महिना नंतर अशी मांडणी असते. ऑफिसच्या लॅपटॉपवर अमेरिकी मांडणी असली तर सीएसव्ही फाइलमधली `05/06/1989` ही ५ जून न राहता ६ मे होते. `17/06/1989` तशीच मजकूर म्हणून राहते, कारण सतरावा महिना नसतो. ओळखायची खूण हीच: एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे सरकलेल्या, काही डावीकडे चिकटलेल्या. डावीकडच्या नुसत्या दुरुस्त करून भागत नाही. उजवीकडच्या नीटनेटक्या दिसणाऱ्याच बिघडलेल्या असतात. तारीख दोन-दोन-चार अंकांची असेल तर ती तुकडे जोडून बनवा:

```
=DATE(RIGHT(B2,4),MID(B2,4,2),LEFT(B2,2))
```

आणि पाठवताना 1989-06-05 अशा रूपात पाठवा. वर्ष दोनच अंकांचं असेल तर हे सूत्र वापरू नका. शिवाय एक्सेलच्या नेहमीच्या नियमाने 00 ते 29 म्हणजे २००० नंतरचं वर्ष. त्यामुळे आजोबांच्या वेळच्या `१२/३/२४` चं थेट 2024 होतं. शतक हातानेच लिहा. शके दिलेला असेल तर अंक बदलून त्याचं इसवी सन होत नाही. शके १८७८ च्या नोंदीला रकानाच वेगळा हवा.

अंक बरोबर उतरले का, हे तपासायला कागदावरच दोन साक्षीदार असतात. 'अक्षरी रुपये' ही ओळ पहिला. हाताने लिहिलेला १ इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ४ हा 8 सारखा. अंकांत 9,25,000 वाचलं गेलं आणि अक्षरी 'एक लाख पंचवीस हजार फक्त' असेल, तर भांडण तिथेच मिटतं. दुसरा साक्षीदार वार. खतात 'सोमवार' लिहिलं असेल तर ५ जून १९८९ ला सोमवारच होता, ६ मेला शनिवार. तयार झालेली तारीख D2 मध्ये असेल तर `=TEXT(D2,"dddd")` चा रकाना शेजारी घेतला की दिवस-महिना उलटलेल्या बहुतेक तारखा वारावरून सापडतात. ज्या खतात वारही नाही आणि अक्षरी ओळही नाही, त्याची छायाप्रत नोंदीबरोबरच पाठवा.