फ्लाइट कॅन्सल झाली की हेल्प डेस्कवर आलेल्या माणसाशी पहिलं काय बोलायचं

जळगाव एअरपोर्टचंच उदाहरण घेऊ. संध्याकाळचं मुंबईचं एटीआर विमान खराब हवामानामुळे रद्द झालंय, आणि अमळनेरकडचे एक आप्पा हातात प्रिंटआउट घेऊन काउंटरवर येतात, आवाज चढलेला.

आधी कीबोर्डवरचा हात काढा आणि त्यांच्याकडे बघा. "नमस्कार आप्पा, बोला." एवढंच. पीएनआर लगेच मागू नका, नंबर मागितला की माणसाला वाटतं याला माझं काही पडलेलं नाही.

मग त्यांना बोलू द्या, मध्ये तोडू नका. अर्धा मिनिट शिव्या ऐकाव्या लागतील, पण खरी गोष्ट बहुतेक वेळा शेवटी येते. आप्पा शेवटी म्हणतात, "मनी पोरनं सकाये ऑपरेशन शे, मी आते कसा जाऊ?"

आता हीच काळजी त्यांना परत बोलून दाखवायची: "पोरीचं उद्या ऑपरेशन आणि तुम्ही इथे अडकलात, जीव तिकडेच लागला असणार." ते अहिराणीत बोलले आणि तुम्हाला येत असेल तर "बठा आप्पा" म्हणा, नसेल येत तर ओढूनताणून नको, नक्कल केल्यासारखं वाटतं. "मी समजू शकतो" हे वाक्य मला तरी पोकळ वाटतं, त्यात ना पोरगी आहे ना ऑपरेशन. आणि "शांत व्हा" तर चुकूनही नाही. हवामान आमच्या हातात नाही हे खरंय, पण ते पहिल्या वाक्यात आलं की हात झटकल्यासारखं होतं.

यानंतर थोडं थांबा. आप्पा तेच परत सांगायला लागले तर समजा की आपण ऐकलं हे त्यांना पोचलेलं नाही, पुन्हा एकदा त्यांचं म्हणणं नीट बोलून दाखवा. "मग आता काय करू?" असं विचारलं की मदतीचं बोलायचं.

तेव्हाही आधी एकच प्रश्न: "हॉस्पिटलात किती वाजता पोचायचंय?" कारण नियमाप्रमाणे दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड यातलं एक त्यांनी निवडायचं असतं, पण सकाळी आठला पोचायचं असेल तर उद्याची फ्लाइट काय कामाची. जळगाव स्टेशनवरून रात्री मुंबईच्या बऱ्याच गाड्या आहेत, सात-आठ तासांत पोचतात, रिझर्व्हेशन मिळेल असं मात्र आपण कबूल करायचं नाही. त्यांनी रेल्वे निवडली तर रिफंडची नोंद त्यांच्यासमोरच करा, आपोआप उद्याच्या फ्लाइटला टाकलंय का तेही बघा. तिकीट एजंटकडून काढलं असेल तर पैसे एजंटमार्फत येतील, हे तेव्हाच सांगा, नाहीतर चार दिवसांनी आप्पा परत तुमच्याच काउंटरवर.