आजीला आनुवंशिकता समजावताना या चुका टाळा: ‘चारातला एक’ म्हणजे नेमकं काय?

आई-बापांकडून मुलांकडे काय कसं जातं, हे घरात समजावताना सगळ्यात जास्त घोळ ‘चारातला एक’ या आकड्यावर होतो. जीवशास्त्र शिकणारी नात आणि तिची आजी यांच्या या संवादात विषय बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा आहे. त्याचा गंभीर प्रकार म्हणजे थॅलेसेमिया मेजर.

आजी: आई-बाप दोघं धडधाकट, सात पिढ्यांत कुणाला नाही. मग पोराला थॅलेसेमिया मेजर आला कुठून?

नात: दोघांकडून आला, आजी. हिमोग्लोबिनचा बीटा नावाचा भाग बनवायला एक जनुक लागतं आणि त्याच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. या दोघांची एकेक प्रत बिघडलेली आहे. उरलेली चांगली प्रत काम भागवते, म्हणून त्यांना कधी कळलंच नाही. याला वाहक म्हणतात, म्हणजेच थॅलेसेमिया मायनर.

आजी: म्हणजे त्यांना अर्धा आजार आहे. वय झालं की पुरता होईल?

इथे घाईत ‘हो, थोडासा आजार’ म्हणून पुढे जाऊ नका. मायनरचं मेजर कधीच होत नाही, कारण प्रती जन्मभर त्याच राहतात. ‘रक्तात मिसळतं’ हा शब्दप्रयोगही टाळा. दुधात पाणी घातल्यासारखी बिघडलेली प्रत पिढ्यान्‌पिढ्या पातळ होत जात नाही. ती जाते तेव्हा जशीच्या तशी जाते, नाहीतर जातच नाही. सात पिढ्या ती न दिसता आली असेल, तर प्रत्येक वेळी जोडीला चांगली प्रत होती, एवढंच.

नात: आता दोन नाणी घे. एक आईचं, एक बापाचं. छापा म्हणजे चांगली प्रत, काटा म्हणजे बिघडलेली. दोन्ही उडव. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा असं चार प्रकारे पडू शकतं. मेजर फक्त काटा-काटाला.

आजी: मग एकाला झालंय ना, आता पुढची तिघं तरी सुटली.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती बहुतेक वेळा सांगणाऱ्यामुळे होते. ‘चार मुलांत एकाला होतो’ असं म्हटलं की ऐकणारा मुलं मोजायला लागतो. ‘प्रत्येक गरोदरपणात चारातला एक धोका’ असंच म्हणा. मागच्या वेळी काय पडलं हे नाण्यांना आठवत नसतं. दोघे वाहक आणि चार मुलं अशी 100 घरं धरली, तर साधारण 32 घरांत एकालाही मेजर होणार नाही, 42 घरांत एकाला होईल आणि 26 घरांत दोघांना किंवा त्याहून जास्त मुलांना होईल. आजीच्या हातून नाणी वीस-पंचवीस वेळा उडवून घ्या. काटा-काटा लागोपाठ पडलेलं एकदा पाहिलं की हे पटतं.

आजी: त्या मुलाची मोठी बहीण मात्र ठणठणीत आहे. ती वाहक असेल का? अर्धी-अर्धी शक्यता?

अभ्यास केलेली मुलंही इथे ‘हो, अर्धी’ म्हणतात. पण तिला मेजर नाही हे आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणजे काटा-काटा बाद. उरलेल्या तिनांपैकी दोनांत एक काटा आहे. म्हणून शक्यता तिनात दोन, म्हणजे सुमारे 67 टक्के.

नात: म्हणून ठणठणीत दिसण्यावर जायचं नाही, आजी. तपासणी करायची.

तपासणीतही दोन ठिकाणी फसायला होतं. वाहकाच्या लाल पेशी लहान असतात. साध्या रक्ततपासणीत एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, बहुधा 80 च्या खाली येतो आणि लोहाची कमतरता समजून महिनोन्‌महिने गोळ्या सुरू राहतात. लोह खरंच कमी आहे का, हे शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनच्या तपासणीवरून बघावं. उलट, लोह खरोखर कमी असेल तर वाहक ओळखण्यासाठी मोजला जाणारा हिमोग्लोबिनचा एक प्रकार, हिमोग्लोबिन ए2, खोटं कमी दिसू शकतं. वाहकात ते सहसा 3.5 टक्क्यांच्या वर असतं, पण अशा वेळी अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि वाहक हातचा निसटतो. आधी लोह भरून काढून मग तपासणी पुन्हा करावी. नुकतंच रक्त चढवलं असेल तर अहवालात दात्याचं रक्तही मोजलं जातं, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

आजी: आणि ती वाहक निघाली तर? लग्नच करायचं नाही?

नात: तसं कुठे म्हणतेय मी! जोडीदाराचीही हीच तपासणी करायची. त्याच्या दोन्ही प्रती चांगल्या असतील तर मुलांना मेजर होणार नाही. फार तर काही मुलं तिच्यासारखी वाहक होतील.

जोडीदाराच्या तपासणीत फक्त ‘थॅलेसेमिया नाही’ एवढं वाचून थांबू नका. हिमोग्लोबिन ई किंवा एस या बदललेल्या प्रकाराची एकच प्रत असलेला जोडीदार स्वतः सहसा निरोगी असतो, पण ती प्रत आणि थॅलेसेमियाची प्रत एकाच मुलात आली तर गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून अहवालात हिमोग्लोबिनचे सगळे प्रकार पाहून घ्यावेत. दोघेही वाहक असतील, तर गर्भधारणेच्या आधीच आनुवंशिकता तज्ज्ञांना भेटावं, कारण गर्भाची तपासणी करायची तर दोघांच्या प्रतींत नेमका कुठला बिघाड आहे हे आधी शोधावं लागतं आणि त्याला वेळ लागतो.