फायव्हरच्या गिगची तीन पॅकेजेस: सुरुवात मधल्यापासून करा

फायव्हर या फ्रीलान्स कामांच्या संकेतस्थळावर गिग, म्हणजे आपण विकत असलेल्या सेवेचं पान, भरताना बेसिक, स्टँडर्ड आणि प्रीमियम असे तीन रकाने समोर येतात आणि बहुतेक जण ते डावीकडून उजवीकडे भरत जातात. ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून बेसिकमध्ये जमेल ते सगळं घालायचं, स्टँडर्डमध्ये त्याचंच थोडं जास्त. प्रीमियमपर्यंत पोचेस्तोवर द्यायला काही उरलेलंच नसतं, म्हणून तिथे ‘अनलिमिटेड रिव्हिजन’ लिहून मोकळं व्हायचं. पुढे ऑर्डरी येतात त्या बेसिकच्याच. ज्याचं काम बेसिकमध्ये भागतंय, तो वरचे पैसे का देईल?

आधी मधलं पॅकेज ठरवायचं आणि त्याच्यावरून खालचं आणि वरचं कापायचं, असा उलटा क्रम धरला तर गणित सुटतं. हे कसं करायचं ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, गिरगावात राहणारी एक व्हॉइस आर्टिस्ट आहे. मराठी आणि हिंदीत आवाज देते, घरातल्याच एका खोलीत फोम लावून रेकॉर्डिंग करते. पुढचे दर आणि वेळा तिच्यासाठी धरलेल्या आहेत. तुमचे वेगळे असतील, हिशेबाची पद्धत तीच राहील.

पायरी 1: नेहमीची ऑर्डर कोणती ते शोधा

जुन्या ऑर्डरी आणि इनबॉक्समधल्या चौकशा उघडा आणि प्रत्येकीसमोर दोनच गोष्टी लिहा: काम केवढं होतं आणि कशासाठी हवं होतं. आपल्या आर्टिस्टच्या यादीत दिसतं की बहुतेक स्क्रिप्ट 200 ते 350 शब्दांच्या आहेत आणि त्या कंपन्यांच्या माहितीपर व्हिडिओंसाठी आहेत. मराठीत मिनिटाला साधारण 110 ते 130 शब्द वाचले जातात, म्हणजे हे दोन-तीन मिनिटांचं काम झालं. व्हिडिओ धंद्याचा असल्यामुळे व्यावसायिक वापराचे हक्क लागतात आणि फायव्हरच्या व्हॉइस ओव्हर विभागात हे हक्क वेगळे मोजले जातात.

मधलं पॅकेज इथेच ठरलं: 350 शब्दांपर्यंत, व्यावसायिक हक्कांसह, दोन रिव्हिजन, दोन दिवसांत. किंमत 35 डॉलर. नेहमीच्या गिऱ्हाइकाने ते घेतलं की त्याला आणखी काही विचारावं लागू नये.

गिग अगदी नवं असेल आणि जुन्या ऑर्डरीच नसतील, तर आपल्याच विभागातली चांगली चालणारी गिग्ज उघडा आणि त्यांचे रिव्ह्यू वाचा. लोक काय करून घेतात ते तिथे आपोआप कळतं.

पायरी 2: बेसिक छोटं ठेवा, वाईट नको

बेसिक काढून टाकावं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं करू नका. शोधयादीत गिगच्या चित्राखाली ‘पासून’ म्हणून जी किंमत दिसते ती सर्वांत स्वस्त पॅकेजची असते आणि माणूस तीच पाहून आत येतो. शिवाय ज्याला तुमच्या कामाची पारख करायची आहे, त्याला छोटं दार हवंच.

म्हणून बेसिक पूर्ण दर्जाचं, पण आकाराने नेहमीच्या कामाच्या खाली ठेवायचं. आपल्या उदाहरणात 150 शब्द, एक रिव्हिजन, तीन दिवस, व्यावसायिक हक्क नाहीत, किंमत 20 डॉलर. वैयक्तिक व्हिडिओ, कॉलेजचा प्रकल्प, लग्नाची क्लिप यांना हे पुरेसं आहे. कंपनीच्या व्हिडिओला ते पुरणार नाही आणि ते पॅकेजच्या वर्णनातच स्पष्ट लिहायचं. हक्कांची गोष्ट लपवून ऑर्डर झाल्यावर बाहेर काढली, तर गिऱ्हाईक पैसे भरेल, पण रिव्ह्यूत राग काढेल.

दर्जा मात्र पॅकेजनुसार बदलू नका. बेसिकला खरखरीत आवाज आणि स्टँडर्डला साफ आवाज, असं ठेवलं तर लोकांच्या कानावर तुमचं वाईटच काम आधी पडतं.

पायरी 3: प्रीमियम खरं असू द्या

प्रीमियमचं अर्धं काम विक्रीचं नसतंच. इटामार सायमनसन आणि एमॉस ट्वर्स्की या संशोधकांनी 1992 साली छापलेला मिनोल्टा कॅमेऱ्यांचा प्रयोग या बाबतीत पाहण्यासारखा आहे. साधारण 170 आणि 240 डॉलरचे दोनच कॅमेरे समोर ठेवले तेव्हा निवड निम्मी-निम्मी झाली. तिसरा, 470 डॉलरचा कॅमेरा त्यांच्या शेजारी ठेवल्यावर मधला 57 टक्के लोकांनी निवडला आणि सर्वांत स्वस्त निवडणारे 22 टक्क्यांवर आले. 240 डॉलर आधी महाग बाजूला होते, ते आता बेताचे वाटू लागले.

या प्रयोगातला महागडा कॅमेराही 21 टक्के लोकांनी निवडला होता. म्हणजे तो घेण्यासारखा होता. नुसता फुगवलेला प्रीमियम लगेच ओळखू येतो आणि त्याने बाकीच्या दोन किमतींवरचाही विश्वास उडतो. आपल्या आर्टिस्टचं प्रीमियम असं: 800 शब्द, व्हिडिओच्या वेळेबरहुकूम आवाज बसवणं, पार्श्वसंगीत, टीव्ही-रेडिओवरच्या प्रसारणाचे हक्क, तीन रिव्हिजन, पाच दिवस. किंमत 90 डॉलर. मोठ्या जाहिरातवाल्याला हे खरोखर लागतं, बाकीच्यांना लागत नाही.

कुणी ते खरंच घेतलं तर निभावता आलं पाहिजे. प्रीमियमसाठी अंधेरीतला स्टुडिओ तासावर घ्यावा लागणार असेल, तर ते भाडं किमतीत आधीच धरा. आणि ‘अनलिमिटेड रिव्हिजन’ कुठेच लिहू नका. रिव्हिजन म्हणजे उच्चार, वेग, सूर यांतली दुरुस्ती. स्क्रिप्ट बदलली तर ते नवं काम, हेही लिहून ठेवा.

पायरी 4: किमती एकमेकींशी ताडून पहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि बेसिककडे माणसं घसरतात ती इथेच. पहिली परीक्षा: दोन बेसिक घेऊन स्टँडर्डचं काम भागतं का? दोन बेसिकचे 40 डॉलर होतात, शब्द मिळतात 300 आणि हक्क नाहीतच. स्टँडर्ड 35 चं आहे. ठीक. शब्दामागे हिशेब केला तरी बेसिक सव्वातेरा सेंटच्या आसपास पडतं आणि स्टँडर्ड 10 सेंट.

दुसरी परीक्षा गिग एक्स्ट्राची, म्हणजे पॅकेजवर वेगळे पैसे देऊन घ्यायच्या जोडीची. समजा एखाद्याची स्क्रिप्ट 140 शब्दांचीच आहे, पण हक्क हवेत. व्यावसायिक हक्कांचा एक्स्ट्रा 10 डॉलरला ठेवला तर त्याचे 30 होतात. आणखी पाच डॉलरमध्ये एक जादा रिव्हिजन आणि एक दिवस आधी काम मिळत असेल, तर तो बहुधा वर सरकतो. तोच एक्स्ट्रा तुम्ही 3 डॉलरला ठेवलात, तर तो 23 मध्ये काम उरकेल आणि मधलं पॅकेज तुम्हीच पाडलंत असं होईल.

तिसरी परीक्षा आपल्या खिशाची. फायव्हर विक्रेत्याकडून 20 टक्के कापून घेतं, म्हणजे हातात येतात 16, 28 आणि 72 डॉलर. आता वेळ मोजा, आणि त्यात मेसेजची देवाणघेवाणही धरा. बेसिकला स्क्रिप्ट वाचणं, रेकॉर्डिंग, साफसफाई आणि बोलणं मिळून 75 मिनिटं लागतात, स्टँडर्डला 115 मिनिटं. बोलण्याचा वेळ दोन्हीकडे जवळपास सारखाच जातो, फरक पडतो तो इथे. ताशी कमाई बेसिकवर 12 डॉलर 80 सेंट, स्टँडर्डवर 14 डॉलर 60 सेंट. प्रीमियमला साडेपाच तास धरले तर ताशी 13 डॉलरच्या आसपास. स्टँडर्डची ताशी कमाई बेसिकपेक्षा कमी निघाली असती, तर लोकांना मध्याकडे वळवणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा.

पायरी 5: कुणासाठी काय, ते नावातच सांगा

गिग उघडलं की सहसा बेसिकचा टॅब समोर असतो. स्टँडर्ड पाहायला गिऱ्हाइकाला बोट हलवावं लागतं, म्हणून कारण आधीच द्या. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम या नावांतून काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘वैयक्तिक क्लिप’, ‘कंपनीचा व्हिडिओ’, ‘टीव्ही-रेडिओ जाहिरात’ या अर्थाची नावं द्या, अर्थात गिऱ्हाइकाच्या भाषेत. माणूस आपलं काम कोणत्या नावात बसतं ते पाहतो. गिगच्या मोठ्या वर्णनातही एक वाक्य घाला: व्हिडिओ धंद्यासाठी असेल तर स्टँडर्ड घ्या, हक्क त्यात आहेत.

आठवडे गेल्यावर काय पाहायचं

चार-पाच ऑर्डरींवरून काही ठरवू नका. पंचवीस-तीस झाल्या की कोणत्या पॅकेजच्या किती, ते मोजा. बेसिकच जास्त जात असेल आणि ऑर्डरनंतर कुणी काही जादा मागत नसेल, तर बेसिकचे शब्द जास्त झालेत; 150 चे 100 करून पहा. बेसिक घेऊन लोक मागाहून हक्क मागत असतील, तर किंमत बरोबर आहे, फक्त वर्णन त्यांनी वाचलेलं नाही. प्रीमियमच बरेच जण घेऊ लागले तर ते स्वस्त आहे, आनंद मानण्याआधी वेळ मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

दोन ठिकाणी ही रचना फारशी चालत नाही. ज्या एजन्सीला 520 शब्द हवेत हे पक्कं माहीत आहे, ती मधलं-वरचं पाहतच नाही. तिला थेट कस्टम ऑफर द्या. आणि गिगला एकही रिव्ह्यू नसताना लोक बेसिकच उचलतात. तेव्हा ते चालू द्या, रिव्ह्यू जमेपर्यंत किमतींशी खेळू नका.

राहता राहिले दिवस. आपल्या आर्टिस्टच्या खिडकीखालून गणेशोत्सवात ढोल-ताशे जातात आणि रेकॉर्डिंगला रात्रीचे एक-दोन तासच उरतात. तेव्हा दोन दिवसांचं वचन पाळता येत नाही, ऑर्डर उशिरा गेली की खात्यावर डाग लागतो. अशा वेळी फक्त स्टँडर्डचेच दिवस वाढवले तर ते बेसिकपेक्षा मंद दिसू लागतं. म्हणून तिन्हींचे दिवस एकदम वाढवायचे: बेसिक सहा, स्टँडर्ड चार, प्रीमियम आठ. अनंत चतुर्दशीनंतर पुन्हा जुने आकडे.