बाबांच्या तापाबद्दल डॉक्टरांना पाठवलेला मेसेज

‘ताप-खोकला आहे, येऊ का?’ एवढ्यावरून डॉक्टर तरी काय सांगणार? म्हणून काय कधी बदललं, ते क्रमाने लिहिलं:

‘नमस्कार डॉक्टर. बाबा, वय ६८, बीपीची गोळी चालू. सोमवारी सर्दी, ताप १००. गुरुवारी ताप उतरला, नीट जेवले. शनिवारी रात्री थंडी वाजून १०२. आज रविवारी पिवळट कफ, खोल श्वास घेतला की उजव्या बरगडीत कळ येते. मिनिटाला २६ श्वास. ऑक्सिजन ९४, एरवी ९८. पॅरासिटामॉल ६५०, शेवटची सकाळी ८ ला. अँटिबायोटिक दिलेलं नाही. पाणी पितात, बोलणं नीट आहे. आज आणू का, की उद्यापर्यंत थांबू?’

लगेच उत्तर आलं, ‘आत्ताच आणा.’ एक्स-रेत उजव्या फुप्फुसात खाली न्यूमोनिया दिसला.

डॉक्टर म्हणाले, उतरलेला ताप पुन्हा चढला हे वाचूनच शंका आली. साध्या सर्दीनंतर जिवाणूंचा संसर्ग झाला की असं होतं. दुसरी गोष्ट श्वासांची. ते मी बाबांना न सांगता, पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत मोजले, कारण कुणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. (बोट गार असेल तर ऑक्सिमीटरही कमी दाखवतो, म्हणून हात चोळून पुन्हा लावला होता.) गोळीची वेळ लिहिली, कारण गोळीनंतर घेतलेला ताप फसवा असतो.

ओठ निळसर पडले, वाक्य पुरं करताना धाप लागली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर मात्र मेसेज टाइप करत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.