जूनमधला पाऊस पाहून ‘मोसमी’ लिहू नका: हवामान तक्ता वाचताना होणाऱ्या चुका

पाऊस आणि तापमान यांचा तक्ता देऊन ‘हवामानाचा प्रकार ओळखा व पुरावे द्या’ असा प्रश्न विचारला की बहुतेक विद्यार्थी आधी नाव ठरवतात आणि मग त्या नावाला शोभतील असे आकडे तक्त्यातून वेचतात. उत्तरपत्रिका तपासताना ही उलटी पद्धत मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. तिच्यातून निघणाऱ्या सगळ्या चुकांमध्ये एक चूक इतकी चिवट आहे की या लेखाचा मोठा भाग तिलाच देणे मला भाग आहे.

एका परीक्षेत मी ठिकाणाचे नाव न देता पुढील तक्ता दिला होता. तो सरावासाठी मीच रचलेला आहे, परंतु त्याची ठेवण खऱ्या हवामानाची आहे.

| महिना | तापमान (°से) | पाऊस (मिमी) |
|---|---|---|
| जानेवारी | २१ | १४ |
| फेब्रुवारी | २१ | १६ |
| मार्च | २० | २० |
| एप्रिल | १७ | ४४ |
| मे | १५ | ७२ |
| जून | १३ | ९५ |
| जुलै | १२ | ८८ |
| ऑगस्ट | १३ | ७९ |
| सप्टेंबर | १४ | ४४ |
| ऑक्टोबर | १६ | ३२ |
| नोव्हेंबर | १८ | १८ |
| डिसेंबर | २० | १६ |

अर्ध्याहून अधिक वर्गाने ‘मोसमी हवामान’ असे लिहिले आणि त्याचा पुरावाही दिला: ‘सर्वांत जास्त पाऊस जूनमध्ये, ९५ मिमी.’ आकडा बरोबर होता, महिना बरोबर होता, निष्कर्ष मात्र पूर्ण चुकलेला होता. त्यांतील एका हुशार विद्यार्थ्याला मी बोलावून एवढेच विचारले, “जुलैचे तापमान किती आहे?” तो म्हणाला, “बारा.” “आणि जानेवारीचे?” “एकवीस.” मग तो थोडा वेळ तक्त्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे सर, हा पाऊस थंडीत पडतोय.” त्या एका वाक्यात सारे उत्तर होते, आणि ते त्याला आधीही सापडले असते, त्याने फक्त तापमानाच्या रकान्याकडे पाहिलेच नव्हते.

जून ते सप्टेंबर हे महिने पावसाळ्याचे आहेत, ही समजूत आपल्या मनात इतकी मुरलेली असते की तक्त्यात त्या महिन्यांपुढे मोठे आकडे दिसताच हात आपोआप ‘मोसमी’ लिहितो. महिन्याचे नाव हे ऋतूचे नाव नव्हे. दक्षिण गोलार्धात जुलै हा हिवाळ्याचा महिना असतो आणि तक्ता ते उघडपणे सांगत असतो, कारण सर्वांत थंड महिना जुलै आणि सर्वांत उष्ण महिने जानेवारी-फेब्रुवारी आहेत. पाऊस हिवाळ्यात आणि कोरडा काळ उन्हाळ्यात, हे चित्र भूमध्य सागरी हवामानाचे आहे. उन्हाळ्यात उपोष्ण जास्त दाबाचा पट्टा ध्रुवाकडे सरकून अशा किनाऱ्यांवर येतो आणि पावसाला अटकाव करतो. हिवाळ्यात तो विषुववृत्ताकडे मागे हटला की पश्चिमी वारे आणि त्यांच्याबरोबर येणारी आवर्ते पाऊस आणतात. दक्षिण गोलार्धात केपटाउन, पर्थ आणि मध्य चिलीचा किनारा येथे हेच घडते.

यावर माझी एक सवय आहे आणि ती मी सर्वांना लावायचा प्रयत्न करतो. तक्ता हाती आला की पावसाचा रकाना कागदाच्या पट्टीने झाकायचा. आधी फक्त तापमान वाचायचे, सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड महिन्याखाली रेघ मारायची, दोहोंतील फरक म्हणजे तापमान कक्षा काढायची आणि समासात ‘उत्तर’ किंवा ‘दक्षिण’ असे गोलार्धाचे नाव लिहायचे. त्यानंतरच पट्टी काढायची. ‘सर, यात वेळ जातो’ अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. यात अर्धा मिनिट जातो. चुकीच्या नावाला पुरावे जुळवत बसण्यात त्याहून कितीतरी अधिक वेळ जातो.

या युक्तीलाही मर्यादा आहेत. विषुववृत्ताजवळच्या ठिकाणी तापमान कक्षा दोन-तीन अंशांचीच असते, तेव्हा तिच्यावरून गोलार्ध ठरवू नये. खऱ्या मोसमी प्रदेशात सर्वांत उष्ण महिना बहुधा पावसाच्या आधी, एप्रिल किंवा मे हा असतो, आणि पाऊस सुरू झाल्यावर ढगांमुळे जुलै-ऑगस्टचे तापमान खाली येते. तापमानाच्या रेषेतला हा उतार मोसमी हवामानाचा फार चांगला पुरावा आहे, तरी तो उत्तरपत्रिकेत क्वचितच दिसतो. वरच्या तक्त्यात तो कोठेही नाही.

दुसरी चूक वार्षिक पावसाच्या बेरजेची आहे. ‘पाऊस कमी, म्हणून वाळवंटी’ किंवा ‘पाऊस साधारण, म्हणून गवताळ’ अशी उत्तरे बेरीज करून थांबणाऱ्यांची असतात. तेवढाच पाऊस एका ठिकाणी पुरेसा आणि दुसऱ्या ठिकाणी अपुरा असू शकतो, कारण किती पाणी बाष्प होऊन उडून जाईल हे उष्णतेवर ठरते. व्लादिमिर कोपेन यांच्या वर्गीकरणात म्हणूनच कोरडेपणाची सीमा तापमानावरून काढतात. वार्षिक सरासरी तापमानाला २० ने गुणायचे. वर्षातील ७० टक्के किंवा अधिक पाऊस उन्हाळी सहामाहीत पडत असेल तर त्यात २८० मिळवायचे, तेवढाच हिवाळी सहामाहीत पडत असेल तर काहीच मिळवायचे नाही, आणि दोन्हींपैकी काहीच नसेल तर १४० मिळवायचे. जे उत्तर येईल ती मिमीमधील सीमा होय. पाऊस तिच्या निम्म्याहून कमी असेल तर वाळवंट, निम्म्याहून अधिक पण सीमेच्या आत असेल तर निमशुष्क.

दोन ठिकाणे घेऊ. दोन्हीकडे वार्षिक पाऊस ४५० मिमी. पहिल्याचे सरासरी तापमान २६ अंश आहे आणि पाऊस उन्हाळ्यात पडतो. सीमा ५२० अधिक २८० म्हणजे ८०० मिमी, तिचे निम्मे ४००. म्हणून हे ठिकाण निमशुष्क ठरते. दुसऱ्याचे सरासरी तापमान २ अंश आहे आणि पाऊस वर्षभर विखुरलेला आहे. तेथे सीमा ४० अधिक १४० म्हणजे अवघी १८० मिमी येते, म्हणून तेच ४५० मिमी पाणी तेथे भरपूर ठरते आणि तैगाचे सूचिपर्णी अरण्य उभे राहू शकते. शालेय परीक्षेत हे गणित कोणी मागत नाही, हे मला मान्य आहे. तरीही ते दोन-चार वेळा हाताने करून पाहिले की केवळ बेरजेवरून प्रकार ठरवण्याची सवय सुटते, असा माझा अनुभव आहे.

आलेखाच्या बाबतीत चूक वेगळी होते. हवामान आलेखाला दोन उभे अक्ष असतात, एक तापमानाचा आणि एक पावसाचा, आणि घाईत स्तंभाची उंची तापमानाच्या अक्षावर वाचली जाते. स्तंभाच्या डोक्यापासून पट्टी नेमकी पावसाच्या अक्षापर्यंत न्यावी, एवढाच उपाय आहे. याहून त्रासदायक आहे ती अर्धवट ऐकलेली एक युक्ती: ‘तापमानाची रेषा पावसाच्या वर गेली की तो महिना कोरडा.’ हा नियम १० अंशांसमोर २० मिमी अशा प्रमाणात काढलेल्या आलेखालाच लागू पडतो. पाठ्यपुस्तकातील पुष्कळ आलेखांत अक्षांचे प्रमाण जागेच्या सोयीने घेतलेले असते आणि तेथे रेषा वर किंवा खाली असण्याला काहीही अर्थ नसतो. प्रमाणाची खात्री नसेल तर आकड्यांवरच यावे: महिन्याचा पाऊस मिमीमध्ये तापमानाच्या दुपटीहून कमी असेल तर तो महिना कोरडा धरावा. वरच्या तक्त्यात या कसोटीने नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने स्पष्ट कोरडे आहेत, तर ऑक्टोबर बरोबर काठावर आहे, कारण १६ ची दुप्पट ३२ होते आणि पाऊसही ३२ मिमीच आहे.

काही चुका एका वाक्यातच सांगण्यासारख्या आहेत. मासिक तापमानांची बेरीज करून ती तशीच लिहू नका, तिला १२ ने भागा. पावसाची मात्र बेरीजच हवी असते. ‘सरासरी तापमान १५ अंश’ एवढ्यावरून काही ठरत नाही, कारण ३ ते २७ आणि १३ ते १७ या दोन्ही ठिकाणांची सरासरी तीच येऊ शकते. उष्ण कटिबंधातील उंच ठिकाण तापमानावरून समशीतोष्ण वाटते, म्हणून समुद्रसपाटीपासूनची उंची दिली असेल तर ती वाचल्याशिवाय लेखणी उचलू नका.

आता पुरावा लिहिण्याविषयी. ‘येथे उन्हाळा कोरडा आणि हिवाळा सौम्य आहे’ हे केवळ वर्णन झाले. त्यातून उत्तर लिहिणाऱ्याने तक्ता पाहिला की पाठ केलेली व्याख्या उतरवली हे कळत नाही. महिना, आकडा, एकक आणि त्यावरून काय ठरते, या चार गोष्टी एकत्र आल्याशिवाय मी गुण देत नाही. शिवाय जवळचा दुसरा प्रकार का नाही, हे लिहावेच लागते, कारण प्रकार ओळखणे म्हणजे त्याच्या शेजाऱ्यांना वगळणे. त्या तक्त्याचे मला मान्य होईल असे उत्तर पुढीलप्रमाणे आहे.

‘सर्वांत थंड महिना जुलै (१२°से) आणि सर्वांत उष्ण महिने जानेवारी व फेब्रुवारी (२१°से) असल्याने ठिकाण दक्षिण गोलार्धात आहे. सर्वांत थंड महिन्याचे तापमान १८ अंशांहून कमी पण गोठणबिंदूच्या बरेच वर असल्याने हवामान उष्णकटिबंधीय नाही आणि शीतही नाही, तर समशीतोष्ण आहे. तापमान कक्षा ९ अंश इतकी लहान असल्याने समुद्राचे सान्निध्य संभवते. वार्षिक पाऊस ५३८ मिमी असून त्यापैकी ४२२ मिमी, म्हणजे सुमारे ७८ टक्के, एप्रिल ते सप्टेंबर या थंड सहामाहीत पडतो. उन्हाळ्यातील जानेवारीचा पाऊस १४ मिमी असून तो जूनच्या ९५ मिमीच्या एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. म्हणून हवामान भूमध्य सागरी आहे. पाऊस उष्ण सहामाहीत नसल्याने ते मोसमी नाही. पाऊस वर्षभर सारखा नसल्याने ते पश्चिम युरोपीयही नाही. कोरडेपणाची सीमा सुमारे ३३३ मिमी येते आणि पाऊस तिच्याहून बराच अधिक असल्याने ते निमशुष्कही म्हणता येत नाही.’

आकडा सीमेच्या अगदी जवळ असेल तेव्हा खोटा ठामपणा दाखवू नये. समशीतोष्ण आणि शीत हवामानातील सीमा काही ठिकाणी सर्वांत थंड महिन्याच्या ० अंशांवर, तर काही ठिकाणी उणे ३ अंशांवर धरतात. थंड महिना उणे १ अंशाचा असेल तर आपण कोणती सीमा घेतली ते उत्तरातच एका वाक्यात लिहावे. असे उत्तर दोन्ही बाजूंनी तपासता येते आणि मी त्याला पूर्ण गुण देतो.