लोअर बर्थ दिवसभर तुमचाच नसतो: रिझर्व्हेशनच्या डब्यात या चुका टाळा

कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी विदर्भात पोहोचते. म्हणजे एका तिकिटात अर्धा दिवस, एक रात्र आणि पुन्हा जवळजवळ एक दिवस. रात्रीपुरत्या गाडीत लोक चढतात, झोपतात, उतरतात, म्हणून वाद कमी होतात. अशा लांब गाडीत मात्र बसायचं कुठे आणि झोपायचं कधी यावरून हमखास भांडण लागतं. भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांना नियम अर्धवट माहीत असतो, असा माझा अनुभव आहे.

नियम थोडक्यात असा. आरक्षित डब्यात बर्थ झोपण्यासाठी मिळतो तो रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत. उरलेल्या वेळात खालचा बर्थ म्हणजे बसायचा बाक, आणि तो त्या बाजूच्या तिघांचा. स्लीपरपुरताच हा नियम आहे असं नाही. झोपायची सोय असलेल्या सगळ्या आरक्षित डब्यांना तो लागू आहे.

नऊ वाजले, आता उठा

पूर्वी ही वेळ रात्री ९ ते सकाळी ६ अशी होती. ऑगस्ट २०१७ मध्ये रेल्वे बोर्डाने ती १० वर नेली. काही प्रवासी गाडीत चढल्याबरोबर, दिवस असो की रात्र, आडवे होतात आणि वरच्या-मधल्या बर्थवाल्यांना बसायला जागाच उरत नाही, अशा तक्रारी होत्या. तरी अजून अनेक जण नऊचाच हवाला देतात. ‘नऊ वाजले, मला झोपायचंय’ असं कुणी म्हटलं, तर तुम्हाला आणखी तासभर बसायचा हक्क आहे.

मधला बर्थ लवकर लावणं

स्लीपरमधल्या खालच्या बाकाची पाठ म्हणजेच मधला बर्थ. दिवसा तो खाली सोडलेला असतो आणि त्याला टेकून तिघं बसतात. तो उचलून साखळ्यांना अडकवला की पाठ जाते आणि डोक्यावर इतकं कमी अंतर राहतं की मोठ्या माणसाला ताठ बसता येत नाही. म्हणून मधला बर्थ लावणं ही एका माणसाची खासगी बाब राहत नाही. त्यामुळे खाली बसलेल्या सगळ्यांचं बसणं संपतं.

एक उदाहरण घेऊ. स्लीपरच्या एका कप्प्यात १७, १८ आणि १९ हे एका बाजूचे तीन बर्थ आहेत. (बर्थचा क्रमांक आठने भागा: बाकी १ किंवा ४ आली तर खालचा, २ किंवा ५ तर मधला, ३ किंवा ६ तर वरचा, ७ तर साइड लोअर, आणि शून्य तर साइड अपर. स्लीपर आणि नेहमीच्या थ्री टियर एसीत हे जमतं, टू टियरमध्ये नाही.) १७ वर एक आजी, १८ वर परीक्षेहून परतणारा मुलगा, १९ वर नोकरदार बाई. रात्री साडेआठला मुलगा म्हणतो, ‘काल रात्रभर झोपलो नाही, बर्थ लावतो.’ आजींचं जेवण व्हायचं आहे. इथे आजी ‘दहापर्यंत थांब बाळा’ म्हणू शकतात आणि नियम त्यांच्या बाजूने आहे. पण वाट सोपी आहे. १९ चा वरचा बर्थ दिवसाही लावलेलाच असतो आणि त्यावर कुणी झोपलं तर कुणाची अडचण होत नाही. बाईंची हरकत नसेल तर मुलाने तिथे चढावं आणि दहाला दोघांनी जागा बदलून घ्याव्या. वाद घालण्यापेक्षा मला हा मार्ग नेहमी उपयोगी पडला आहे.

आता सकाळी पावणेसात वाजले आणि मुलगा अजून मधल्या बर्थवर गाढ झोपलेला आहे. आजींना उठून बसायचं आहे. सहानंतर बर्थ खाली करायला सांगणं त्यांचा हक्क आहे. मुलाने ‘मी तिकीट काढलंय’ म्हणणं चूक, कारण त्या तिकिटाने झोपायची वेळ सहालाच संपली.

खालचा मिळाला म्हणून दिवसभर आडवं पडणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि ती करणारे बहुतेक वेळा वाईट माणसं नसतात. ‘लोअर’ मिळवायला आपण किती खटपट केली ते त्यांना आठवत असतं. पण दुपारी दोनला पाय पसरून झोपलात, तर १८ आणि १९ वाल्यांना बसायला जागाच राहत नाही. तिघांनी मिळून ठरवलं तर गोष्ट वेगळी.

इथे एक अपवाद मनापासून पाळावा असा आहे. आजारी, दिव्यांग आणि गरोदर प्रवाशांना ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त झोपू द्यावं, असं त्याच २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं आहे. शब्द सहकार्याचे आहेत, सक्तीचे नाहीत. माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आम्ही प्रवास केला, तेव्हा चढल्याबरोबर मी समोरच्यांना एवढंच सांगितलं, ‘हिला पाय खाली सोडून जास्त वेळ बसवत नाही.’ त्यांनी आपण होऊन जागा करून दिली. वेळ येईपर्यंत गप्प बसून मग चिडण्यापेक्षा हे सुरुवातीलाच सांगावं.

साइड अपरवाल्याची जागा

साइड अपरचा प्रवासी दिवसा साइड लोअरवर बसतो, कारण वर बसून बारा तास काढणं शक्य नाही. साइड लोअरवाल्याने त्याला ‘तुमची जागा वर’ म्हणणं चूक आहे. रात्री दहा ते सहा मात्र साइड अपरवाल्याचा खालच्या बर्थवर बसायचा हक्क राहत नाही, हे परिपत्रकात वेगळं नमूद केलं आहे. उशिरा जेवायचं असेल तर ते आधी उरकावं, किंवा खालच्याची परवानगी घ्यावी.

आरएसी असेल तर साइड लोअर दोघांत वाटलेला असतो. तिथे दहा वाजले म्हणून कुणा एकाला पूर्ण बर्थ मिळत नाही. एखादा बर्थ रिकामा झाला आणि टीसीने दिला, तरच पूर्ण जागा मिळते.

‘दिवसा काय, कुणीही बसतं’

दिवसा बसायचा हक्क त्या कप्प्यातल्या आरक्षित प्रवाशांचा आहे. जनरलचं तिकीट घेऊन, किंवा खिडकीवर काढलेलं वेटिंगचं तिकीट दाखवून चौथा-पाचवा माणूस त्या बाकावर सरकू लागला, तर दहाचा नियम त्याच्या कामाचा नाही. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवरच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं, त्यामुळे ते दाखवून बसण्यात अर्थ नाही.

बोलूनही कुणी ऐकत नसेल, तर आवाज चढवू नका आणि दुसऱ्याचा बर्थ स्वतः खाली ओढू नका. झोपलेल्या माणसाच्या अंगाखालून साखळी सोडली तर इजा होईल. आधी टीसीला शोधा. तो सापडला नाही, तर १३९ वर फोन करा किंवा रेलमदद ॲपवर तक्रार टाका. पीएनआर, डबा, बर्थ क्रमांक आणि पुढचं मोठं स्टेशन हाताशी ठेवा. तक्रारीत ‘प्रवासी त्रास देतो’ इतकंच लिहू नका. ‘१८ क्रमांकाचा मधला बर्थ सकाळी सात वाजले तरी लावलेला आहे, १७ वर वृद्ध महिलेला बसता येत नाही’ असं लिहा. टीसीला मग येऊन काय करायचं ते विचारत बसावं लागत नाही.